टेकलेले पाऊल का सरकते? गेममधल्या हालचाली आणि त्यांचे कॉम्प्रेशन

व्हिडिओ गेममधले चालणारे, धावणारे, तलवार चालवणारे पात्र आतून एका सांगाड्यावर उभे असते. कंबरेच्या हाडाला मांडीचे हाड जोडलेले, मांडीला पोटरी, पोटरीला पाऊल, पावलाला बोटे. बाहेरून दिसते ती त्रिकोणांच्या जाळीची कातडी आणि ती या हाडांबरोबर ओढली जाते. प्रत्येक हाडाची स्थिती त्याच्या वरच्या हाडाच्या संदर्भात लिहिलेली असते. पोटरीची नोंद सांगते ती एवढेच, की मांडीच्या तुलनेत पोटरी किती वळली आहे. पाऊल जमिनीवर नेमके कुठे आहे हे कुठेच लिहिलेले नसते. कंबरेपासून खाली सगळी वळणे एकापुढे एक लावत गेले की ते हिशेबातून निघते. या लेखातल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच रचनेत आहे.

हालचाल साठवण्याची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे ठराविक अंतराने सगळ्या हाडांची स्थिती टिपून ठेवणे. सेकंदाला ३० वेळा टिपण हे प्रमाण बरेच रूढ आहे. एका हाडाच्या एका टिपणात तीन गोष्टी असतात: वळण, जागा आणि आकारमान. वळण क्वाटर्नियन नावाच्या चार आकड्यांच्या संचात लिहितात, जागेला तीन आकडे लागतात आणि आकारमानालाही तीन. एकूण दहा आकडे, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे ४० बाइट.

उदाहरणासाठी ६० हाडांचा माणसाचा सांगाडा आणि एक सेकंदाची चालण्याची क्लिप घेऊ. दोन पावले टाकली की क्लिप संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ६० हाडे, ३० टिपणे, ४० बाइट यांचा गुणाकार ७२,००० बाइट होतो. एका सेकंदाला हा आकडा फारसा वाटत नाही. पण मोठ्या गेममध्ये चालणे, वळणे, पडणे, चढणे, मार खाणे, बोलताना हातवारे करणे अशा हजारो क्लिप असतात. सरासरी तीन सेकंदांच्या दोन हजार क्लिप धरल्या तरी बेरीज ४३२ मेगाबाइटवर जाते. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये मुख्य मेमरी २५६ मेगाबाइट होती आणि तेवढीच ग्राफिक्ससाठी वेगळी. म्हणजे नुसत्या हालचालींनीच अख्खी मुख्य मेमरी भरून वर ओसंडली असती. आजच्या यंत्रांत मेमरी वाढली आहे, पण क्लिपांची संख्या आणि पात्रांची हाडेही वाढली आहेत. चेहऱ्याची हालचाल धरली तर एका पात्राची हाडे शंभराच्या बरीच पुढे जातात.

कॉम्प्रेशनचा पहिला टप्पा जवळजवळ फुकटचा असतो. चालताना माणसाच्या हाडांचे आकारमान बदलत नाही, त्यामुळे आकारमानाचे सगळे आकडे सरळ टाकून देता येतात. हाडांची लांबीही बदलत नाही. मांडीच्या टोकापासून पोटरीची जागा क्लिपभर तीच राहते, म्हणून जागेचे तीन आकडे प्रत्येक टिपणात लिहिण्याऐवजी एकदाच लिहिले की पुरते. जागा खरोखर बदलते ती फक्त दोन हाडांची: सगळ्यांचे मूळ असलेल्या हाडाची आणि कंबरेची. हाताच्या बोटांची हाडे बरीच असली तरी चालताना ती बहुतेक स्थिर असतात. आपल्या क्लिपमध्ये वीस हाडे मुळीच वळत नाहीत असे धरू. त्यांचे वळणही एकदाच लिहायचे.

क्वाटर्नियनचे चार आकडेही चारच्या चार ठेवायची गरज नसते. त्यांच्या वर्गांची बेरीज नेहमी १ असते, त्यामुळे तीन ठाऊक असले की चौथ्याचे मूल्य काढता येते. राहतो तो त्याच्या चिन्हाचा प्रश्न. तोही सुटतो, कारण चारही आकड्यांची चिन्हे उलटी केली तरी वळण तेच राहते. म्हणून साठवण्याआधीच चौथा आकडा धन करून घेतात आणि मग तो टाकून देतात.

एवढे केल्यावर हिशेब असा उरतो: वळणाऱ्या ४० हाडांची ३० टिपणे, प्रत्येकी १२ बाइट, म्हणजे १४,४०० बाइट. त्यात स्थिर हाडांची वळणे, न बदलणाऱ्या जागा आणि कंबर व मूळ हाडाच्या जागेची टिपणे मिळवली तर बेरीज १६,००० च्या आसपास. ७२,००० वरून थेट पाव भागाच्याही खाली, आणि पडद्यावर कणभरही फरक नाही. अडचण इथून पुढे सुरू होते, कारण यापुढच्या प्रत्येक बचतीत काहीतरी हरवते.

पहिला मार्ग आकड्यांची बारकाई कमी करण्याचा. ४ बाइट म्हणजे ३२ बिट. त्याऐवजी उणे एक ते एक या पट्ट्याचे ठराविक समान भाग पाडायचे आणि मूळ आकडा ज्या खुणेच्या सर्वांत जवळ असेल तिचा क्रमांक लिहायचा. १६ बिटांत ६५,५३६ खुणा बसतात, ८ बिटांत फक्त २५६. याला क्वांटायझेशन म्हणतात. चूक जास्तीत जास्त दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्मी होते.

ही चूक डोळ्यांना किती दिसते याचा धडा गेमच्या जगाला १९९६ सालीच मिळाला होता. आयडी सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’मध्ये सांगाडे नव्हते. पात्राच्या आणि बंदुकीच्या जाळीतला प्रत्येक बिंदू प्रत्येक फ्रेमला थेट साठवलेला असे आणि त्याच्या प्रत्येक अक्षाला एकच बाइट दिलेला होता. म्हणजे संपूर्ण मॉडेलच्या लांबीत, रुंदीत आणि उंचीत बिंदू बसायला फक्त २५६ जागा. बिंदू हलताना एका खुणेवरून दुसरीवर उडी मारत आणि शेजारचा बिंदू वेगळ्या क्षणी उडी मारे. परिणामी ताठ असायला हवी ती धातूची बंदूकही हातात थुलथुलल्यासारखी दिसे. १९९९ च्या ‘क्वेक ३ अरीना’मध्ये मॉडेलच्या फॉर्मॅटने प्रत्येक अक्षाला १६ बिट दिले.

सांगाड्यावरच्या हालचालीत हीच चूक कोनाची चूक म्हणून येते, आणि कोनाची चूक लांबीबरोबर वाढते. लांब काठीची मूठ हातात किंचित वळली की टोक चांगलेच सरकते, तसेच हे आहे. सूत्र साधे आहे: टोकाची चूक म्हणजे रेडियनमधला कोन गुणिले अंतर. क्वाटर्नियनच्या एका आकड्याला ८ बिट दिले तर कोनात सुमारे ०.४५ अंशांपर्यंत चूक होऊ शकते. मांडीच्या सांध्यापासून तळपायापर्यंत ९० सेंटिमीटर धरले, तर तळपाय सुमारे ७ मिलिमीटर चुकतो. तेच १६ बिट दिले तर चूक ०.०३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कुणालाही न दिसणारी.

पण या हिशेबात उधळपट्टीही लपलेली आहे. चालताना मांडी काही गरगर फिरत नाही, ती पुढेमागे मिळून पन्नासेक अंश हलते. त्या हालचालीत क्वाटर्नियनचा आकडा उणे एक ते एक या सगळ्या पट्ट्यातून न फिरता त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात राहतो. म्हणून क्लिपमधला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा आधी शोधतात आणि सगळ्या खुणा तेवढ्याच पट्ट्यात पाडतात. तेवढ्याच बिटांत खुणा चौपटीहून दाट बसतात. पूर्ण पट्ट्यावर ११ बिटांत जी बारकाई मिळते तीच इथे ९ बिटांत मिळते. पट्ट्याच्या सीमा लिहून ठेवायला प्रत्येक हाडाला २४ बाइट लागतात, पण टिपणे पुरेशी असली की हा खर्च सहज भरून निघतो. लांब क्लिपचे पंधरा-सोळा टिपणांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा पट्टा वेगळा मोजला तर तो आणखी अरुंद होतो.

दुसरा मार्ग टिपणेच गाळण्याचा. हाड एका दिशेने सारख्या वेगाने वळत असेल तर मधली टिपणे कशाला ठेवायची? दोन टोकांची ठेवायची आणि मधली स्थिती सरळ रेषेने काढायची. किती चूक चालेल याची मर्यादा आधी ठरवतात आणि ती ओलांडली जात नाही तोवर टिपणे गाळत जातात. युनिटी इंजिनात की-फ्रेम कमी करण्याची सोय अशीच चालते. तिथे वळणाच्या चुकीची मर्यादा अंशांत द्यायची असते आणि ती सुरुवातीला ०.५ असते. गाळणीची बचत मोठी वाटते, पण उरलेल्या प्रत्येक टिपणाबरोबर त्याची वेळही लिहावी लागते. गेम चालू असताना हव्या त्या क्षणाची स्थिती काढायची तर प्रत्येक हाडाची आधीची आणि नंतरची टिपणे शोधावी लागतात. सेकंदाला ६० चित्रे काढायची तर सगळ्या कामाला मिळून साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो. त्यात डझनभर पात्रांसाठी मेमरीत अशी शोधाशोध करणे महाग पडते. सारख्या अंतरावरची टिपणे ठेवली तर ती कुठे आहेत हे एका भागाकारात कळते.

अर्धा अंश ही मर्यादा ऐकायला कडक वाटते. ती पावलाचे काय करते ते आपल्या क्लिपवरच पाहू.

एक सेकंदाच्या या चालीत डावा पाय साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर असतो. त्यातल्या मधल्या दहा टिपणांत, समजा चौथ्यापासून तेराव्यापर्यंत, तळपाय पूर्ण टेकलेला आणि स्थिर असायला हवा. पात्र सेकंदाला १.४ मीटर वेगाने चालते, म्हणजे कंबर प्रत्येक टिपणागणिक साडेचार सेंटिमीटरहून थोडी जास्त पुढे जाते. पाऊल स्थिर राहायचे तर मांडी, पोटरी आणि घोटा यांनी मिळून नेमकी तेवढीच उलटी भरपाई करायला हवी. मूळ हालचालीत ती असतेच.

आता टिपणे गाळली. कंबर जवळजवळ सारख्या वेगाने जात असल्याने तिची जागा अचूक उरते. मांडीचे वळण मात्र वक्राकार बदलते. समजा चौथे आणि तेरावे टिपण राहिले, मधली आठ गेली, आणि मधोमध सरळ रेषेचा कोन खऱ्या कोनापेक्षा अर्ध्या अंशाने मागे पडला. मर्यादेच्या आत असल्याने कॉम्प्रेशनला यात काही गैर वाटत नाही. पण अर्धा अंश गुणिले ९० सेंटिमीटर म्हणजे तळपायाशी जवळजवळ ८ मिलिमीटर. गुडघ्यातही अर्धा अंश चुकला आणि चूक त्याच दिशेची असली, तर तिथून तळपायापर्यंतच्या ४५ सेंटिमीटरचे आणखी ४ मिलिमीटर. एकूण १२ मिलिमीटर. चौथ्या टिपणाला पाऊल बरोबर जागी असते, तिथून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास सरकते आणि तेराव्या टिपणापर्यंत परत येते. हे सगळे एक तृतीयांश सेकंदात घडते. पुढच्या पावलाला उजव्या पायाचे तेच. पात्र बर्फावर चालल्यासारखे दिसते. यालाच फूट ड्रिफ्ट किंवा फूट स्लायडिंग म्हणतात.

इथे प्रत्येक सांधा आपापल्या मर्यादेच्या आत आहे, तरीही निकाल नापास आहे. सव्वा सेंटिमीटरची हीच चूक हवेत झुलणाऱ्या हातात झाली असती तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती. हात कुठे असायला हवा होता हे बघणाऱ्याला ठाऊक नसते. टेकलेल्या पावलाशेजारी मात्र फरशीची रेघ असते, गवत असते, सावली असते, आणि स्थिर गोष्टीशेजारी सरकणारी वस्तू डोळा ताबडतोब पकडतो.

म्हणून सांध्यातला कोन मोजून कॉम्प्रेशन ठरवणे ही पद्धतच मुळात सदोष आहे. मोजायला हवे ते कातडीवर, सगळी साखळी जोडून झाल्यानंतर. निकोलस फ्रेशेट या प्रोग्रामरने लिहिलेली ACL ही मुक्त-स्रोत लायब्ररी असेच करते. २०२३ च्या अनरियल इंजिन ५.३ पासून ती इंजिनाबरोबरच येते. प्रत्येक हाडापासून काही अंतरावर, सहसा ३ सेंटिमीटरवर, कातडीच्या जागी काल्पनिक बिंदू धरले जातात. मूळ हालचालीत हे बिंदू कुठे आहेत आणि कॉम्प्रेशननंतर कुठे गेले यातले अंतर म्हणजे चूक. मूळची मर्यादा ०.०१ सेंटिमीटर, म्हणजे एक दशांश मिलिमीटर असते. ती पाळून प्रत्येक हाडाला कमीत कमी किती बिट द्यावेत हे लायब्ररी प्रत्येक तुकड्यासाठी शोधून काढते. पावलाची चूक मोजताना कंबर, मांडी आणि पोटरी यांच्या चुका धरलेल्या असतात, त्यामुळे पाऊल बिघडायला लागले की बिट वाढवून मिळतात ते साखळीत वर असलेल्या हाडांनाही.

बिट वाढवण्याचा हिशेब फार अनुकूल आहे. एक बिट वाढवला की खुणा दुप्पट होतात आणि चूक निम्मी होते. चार बिटांनी ती सोळाव्या हिश्श्यावर येते. आपल्या क्लिपमध्ये चाळीसही हाडांना ९ बिट दिले तर वळणांना ४,०५० बाइट लागतात, आणि मांडीच्या एका आकड्यातली चूकच तळपायाशी पाऊण मिलिमीटर होते. सगळ्यांनाच चार बिट वाढवून दिले तर १,८०० बाइट जास्तीचे. पण कंबर, दोन मांड्या, दोन पोटऱ्या आणि दोन पावले या सातच हाडांना वाढवले तर फक्त ३१५ बाइट, आणि तळपायाची तीच चूक ०.०५ मिलिमीटरच्या खाली. बाकी सगळा खर्च धरून क्लिप साडेसहा हजार बाइटच्या थोडी वर बसते, मूळच्या जवळपास अकराव्या हिश्श्यात. मेमरी आणि दर्जा यांच्यातली ओढाताण बऱ्याचदा वाटते तेवढी कठोर नसते. सगळ्या हाडांना एकच नियम लावला की ती तशी होते.

पाऊल सरकण्याखेरीज दुसरी मोठी तक्रार असते ती झटक्याची, म्हणजे पॉपिंगची. हाड एका फ्रेममध्ये अचानक दुसरीकडे जाते. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारणांचे झटके येतात आणि ते दिसतातही वेगळे.

सर्वांत भीतीदायक दिसणारा झटका चिन्हाचा असतो. क्वाटर्नियनची सगळी चिन्हे उलटी केली तरी वळण तेच, हे वर आले आहे. पण लागोपाठच्या दोन टिपणांत एक सुलटे आणि एक उलटे साठवले गेले आणि मधली स्थिती काढताना ते तपासले नाही, तर हाड जवळच्या वाटेने न जाता लांबून वळसा घेते. हात एका क्षणात पूर्ण फिरून येतो. ही बारकाईची कमतरता नाही, सरळ प्रोग्रामची चूक आहे, आणि बिट वाढवून ती जात नाही. मधली स्थिती काढण्याआधी दोन्हींचा बिंदुगुणाकार ऋण आला तर एकाची चिन्हे उलटी करायची, एवढाच उपाय.

दुसरा झटका तुकड्यांच्या सांध्यावर येतो. एका तुकड्यात मांडीला ९ बिट आणि पुढच्यात ७, शिवाय दोन्हींचे पट्टे वेगळे. सीमेच्या दोन बाजूंना चूक वेगळ्या दिशेची असते आणि फरक एकाच फ्रेममध्ये दिसतो. पुन्हापुन्हा चालणाऱ्या क्लिपमध्ये शेवटचे आणि पहिले टिपण मुळात एकच असते, पण ती वेगवेगळ्या तुकड्यांत गेली की थोडी वेगळी होऊन बाहेर पडतात. मग प्रत्येक फेरीला, बरोबर एका सेकंदाने, पात्र अगदी बारीक हिसका देते. कानाला ठेका जाणवावा तसा तो डोळ्याला जाणवतो. शेवटचे टिपण साठवायचेच नाही आणि क्लिप संपताना पहिल्याच टिपणाकडे वळायचे, ही पद्धत इथे कामी येते.

तिसरा प्रकार संथ हालचालींचा, आणि तो सर्वांत सहज निसटतो. उभ्या पात्राचा श्वास घ्या. छाती तीन सेकंदांत एक अंश वळते. पूर्ण पट्ट्यावर ८ बिट असतील तर एक खूण ओलांडायला ०.९ अंश लागतात. म्हणजे श्वासाच्या जागी छाती एकदा टुणकन वर आणि एकदा खाली. पट्टा मोजून घेतला असेल तर त्याच एका अंशात २५६ खुणा बसतात आणि श्वास मऊ राहतो. पण पात्र आधी पूर्ण वळते आणि मग उभे राहून श्वास घेते अशी क्लिप असली, तर पट्टा वळण्यामुळे रुंद होतो आणि श्वास पुन्हा पायऱ्यापायऱ्यांचा होतो. तुकडे पाडण्याचा खरा फायदा अशा क्लिपमध्ये दिसतो. उलट मर्यादा फार सैल असेल तर कॉम्प्रेशन छातीची हालचाल नगण्य ठरवून ती स्थिर म्हणूनच साठवते. पात्र मग पुतळ्यासारखे उभे राहते आणि झटका नसल्याने तक्रारही कुणी करत नाही.

काही गेममध्ये या चुका साठवणीत दुरुस्त न करता गेम चालू असताना झाकतात. पाऊल टेकले की त्याची जागा पकडून ठेवायची आणि मांडी-गुडघ्याचे कोन उलट दिशेने हिशेब करून काढायचे. याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. अनरियलच्या नमुना सांगाड्यात त्यासाठी `ik_foot_l` आणि `ik_foot_r` अशी वेगळी हाडे असतात. ती कंबरेच्या साखळीत नसतात, मूळ हाडाजवळून निघणाऱ्या `ik_foot_root` खाली असतात. साखळी आखूड, म्हणून त्यांच्यात कोनाची चूक साचत नाही आणि पाऊल कुठे असायला हवे होते हे त्यांच्यावरून नेमके कळते.

पण हा उपाय स्वतःचा झटका घेऊन येतो. मांडी ४५ आणि पोटरी ४५ सेंटिमीटरची धरली आणि पाय पूर्ण ताणलेला असला, तर कंबरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत ९० सेंटिमीटर होतात. हे अंतर फक्त एका मिलिमीटरने कमी झाले की गुडघा पाच अंशांहून जास्त वाकतो. कॉम्प्रेशनमुळे कंबर मिलिमीटरभर वरखाली हलत असेल, तर पकडून ठेवलेले पाऊल ढिम्म राहते आणि गुडघा मात्र फटकन सुटतो-मिटतो. पावलाची चूक गुडघ्यात गेली, एवढेच घडले. त्यामुळे पाऊल पकडून ठेवायचे असेल तर कंबरेच्या जागेला जास्त बिट देणे आणखी गरजेचे होते, आणि चाल रचतानाच गुडघा पूर्ण ताठ होऊ न देणे शहाणपणाचे ठरते.

पाऊल सरकताना दिसले म्हणून दोष लगेच कॉम्प्रेशनचा धरता येत नाही. क्लिप सेकंदाला १.४ मीटरच्या चालीची आणि गेम पात्राला १.६ मीटरने ढकलत असेल तरी पाऊल सरकते. एका सांगाड्यासाठी केलेली हालचाल लांब पायांच्या दुसऱ्यावर चढवली तरी सरकते, आणि चालणे व धावणे यांचे मिश्रण करतानाही. तपासणी सोपी आहे. त्या एका क्लिपचे कॉम्प्रेशन पूर्ण बंद करायचे. पाऊल तरीही सरकत असेल तर कारण दुसरीकडे आहे. थांबले तर मूळ आणि कॉम्प्रेस केलेले पात्र एकावर एक ठेवून क्लिप पाव वेगाने चालवायची आणि पावलाची जागा प्रत्येक फ्रेमला नोंदवायची. सरकणे संथ आणि लाटेसारखे, दोन ठरावीक क्षणी शून्यावर येणारे असेल तर टिपणे जास्त गाळली गेली आहेत. पाऊल प्रत्येक टिपणाला वेगळ्या दिशेने थरथरत असेल तर बिट कमी पडत आहेत. चूक नेहमी एकाच वेळी, एकाच फ्रेमला येत असेल तर तुकड्याची सीमा किंवा क्लिपचा सांधा पाहायचा. एका क्लिपमधून दुसरीत जातानाच येत असेल तर साठवण निर्दोष आहे आणि मिश्रणाची वेळ तपासायला हवी.

मापनाच्या पद्धतीलाही एक आंधळी जागा आहे. हाताच्या हाडापासून ३ सेंटिमीटरवर चूक मोजली, पण खेळात त्या हातात मीटरभर लांबीची तलवार दिली, तर हाताशी न दिसणारी चूक पात्यांच्या टोकाशी तीस पटींहून मोठी होते. टोक थरथरते आणि हिशेब सांगतो की सगळे ठीक आहे. अशा हाडांसाठी काल्पनिक बिंदू मुद्दाम लांब, मीटरभरावर धरतात. कॅमेऱ्याचे तर याहून अवघड. कथेच्या दृश्यात कॅमेराही एका हाडासारखा साठवलेला असतो आणि त्याच्या कोनातली चूक समोरच्या दृश्यापर्यंतच्या अंतराने गुणली जाते. कोन शंभरावा भाग अंश चुकला तर ५० मीटरवरची भिंत जवळजवळ ९ मिलिमीटरने हलल्यासारखी दिसते. झूम केलेल्या संथ दृश्यात ही थरथर उघड जाणवते, आणि चौकटीतले सगळे एकदम थरथरते. एका कॅमेऱ्याची मिनिटभराची वळणे काहीही न गाळता ठेवली तरी ३०,००० बाइटही लागत नाहीत, म्हणून कॅमेऱ्याचे ट्रॅक कॉम्प्रेशनमधून सरळ वगळणेच श्रेयस्कर.